पेज हातातून गेले, चॅट विकत घेतली: ऐन आंबा हंगामातले एक प्रकरण

देवगड तालुक्यातला एक बागायतदार. स्वतःच्या कलमांचा हापूस थेट ग्राहकांना पाठवतो. फेसबुकवर व्यवसायाचे पेज, इन्स्टाग्रामवर त्याच नावाचे खाते, आणि मुंबई-पुण्याच्या पेट्यांची नोंदणी बहुतेक इथूनच. पेज चालवायचा पुण्यात राहणारा पुतण्या, इन्स्टाग्राम काका स्वतःच्या फोनवरून बघायचे. पेजचे पूर्ण नियंत्रण दोघांच्याही प्रोफाइलकडे होते. मार्चच्या मध्यावर पुतण्याला मेसेंजरवर निरोप आला: तुमच्या पेजने कॉपीराइटचा भंग केला आहे, 24 तासांत खुलासा करा. त्याने दुवा उघडला, पासवर्ड टाकला, पाठोपाठ आलेला सहा आकडी कोडही टाकला. तासाभरात त्याचे प्रोफाइल त्याचे राहिले नव्हते आणि पेजवरून काकांचे नाव काढले गेले होते.

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. अशा तक्रारींत पुन्हा पुन्हा येणारे टप्पे एकत्र करून ते नमुन्यादाखल मांडले आहे. प्रश्न एकच तपासायचा आहे: अशा वेळी मेटाची व्यवसायांसाठीची सशुल्क वर्गणी, म्हणजे मेटा व्हेरिफाइड, घेऊन तिच्यातल्या चॅटवर मदत मागावी का, आणि मागितली तर पदरात नेमके काय पडते?

चॅटच्या आधीचे काही तास

अशा वेळी बहुतेक लोक आधी वर्गणी शोधायला लागतात. ही पहिली चूक. पहिल्या तासांतली कामे फुकटची आहेत, आणि ती करून ठेवली तर पुढे चॅटवर बोलताना हातात पुरावाही असतो.

जाहिरात खात्याला कार्ड जोडलेले असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधून ते लगेच बंद करायचे. आपल्याकडे बरेच लहान व्यावसायिक यूपीआयने आगाऊ रक्कम भरून जाहिराती चालवतात. तसे असेल तर नुकसान साधारण त्या शिल्लक रकमेपुरते राहते. या प्रकरणात तसेच झाले: भरून ठेवलेले काही हजार रुपये भलत्याच जाहिरातींवर उडाले, बँक खाते शाबूत राहिले. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर, 1930 वर, फोन करायचा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. तिथे मिळणारा पोचक्रमांक जपून ठेवायचा, तो पुढे लागणार आहे.

दुसरे काम पुतण्याच्या प्रोफाइलचे. `facebook.com/hacked` हे पान त्याने आजवर नेहमी वापरलेल्या फोनवरून आणि घरच्या नेहमीच्या इंटरनेटवरूनच उघडायला हवे. ओळखीच्या उपकरणावरून आलेल्या विनंतीवर यंत्रणा जास्त विश्वास ठेवते. घाईघाईत मित्राच्या लॅपटॉपवरून प्रयत्न केला की तोच मार्ग अडतो. हल्लेखोराने ईमेल बदलला असेल तर जुन्या ईमेलवर बदलाची सूचना आलेली असते आणि तो बदल रद्द करण्याचा दुवा तिच्यातच असतो. ती सूचना पुसून टाकू नये.

तिसरे काम पेजबद्दलची माहिती टिपून ठेवण्याचे. पेजच्या माहितीत `Page transparency` नावाचा भाग असतो आणि तो कोणालाही दिसतो. पेजचा ओळख क्रमांक, ते सुरू झाल्याची तारीख, नाव कधी बदलले त्याचा इतिहास, आणि बऱ्याचदा चालवणारी माणसे कोणत्या देशांत आहेत, हे तिथे मिळते. देवगडच्या पेजखाली भारताबरोबर दुसऱ्याच एखाद्या देशाचे नाव दिसू लागले तर त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह घेऊन ठेवायचा. पेज आपले असल्याचे हजार शब्दांत पटवून देण्यापेक्षा हा एक स्क्रीनशॉट जास्त काम करतो.

वर्गणी घ्यायची कोणत्या खात्यावर

खरी मेख इथे आहे. गेलेल्या किंवा बंद पडलेल्या खात्यावर वर्गणी घेता येत नाही. खाते उघडे, चालू आणि आपल्या ताब्यात असेल तरच वर्गणीचा पर्याय दिसतो. म्हणजे ज्याला सर्वात जास्त गरज असते, त्याच्याच तोंडावर दार बंद. काकांचे इन्स्टाग्राम खाते वाचले होते आणि ते त्या पेजला जोडलेले होते, म्हणून वाट उरली. दोन्ही पुतण्याच्याच फोनवर असती तर विकत घ्यायलाही काही उरले नसते.

व्यक्तींसाठीचा आणि व्यवसायांसाठीचा प्रकार वेगळा आहे, आणि घाईत लोक पहिला निवडतात. व्यक्तींच्या वर्गणीत प्रोफाइलवरचे नाव सरकारी ओळखपत्रावरच्या नावाशी जुळावे लागते. बागेच्या नावाने चालणाऱ्या खात्यावर ती घेतली की अर्ज फेटाळला जातो, नाहीतर व्यवसायाचे नाव सोडून स्वतःचे नाव लावावे लागते. व्यवसायाच्या वर्गणीत व्यवसायाचे तपशील तपासले जातात. त्यासाठी उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, दुकान परवाना किंवा वीजबिल यांपैकी ज्यावर व्यवसायाचे नाव आणि पत्ता स्पष्ट आहे, ते आधीच फोनमध्ये काढून ठेवावे. खात्यावर लिहिलेले नाव आणि कागदावरचे नाव यांत फरक असेल तर तिथेच दोन दिवस जातात.

दरांविषयी: 2024 मध्ये भारतातल्या व्यवसायांसाठी जाहीर झालेल्या योजना एका अ‍ॅपपुरत्या दरमहा 639 रुपयांपासून सुरू होऊन दोन अ‍ॅपसाठी दरमहा 21,000 रुपयांपर्यंत जात होत्या. दर बदलत राहतात, म्हणून पैसे भरताना पडद्यावर दिसणारा आकडाच खरा धरावा. चॅटवर मदत मिळणे हा गाभा सगळ्यात खालच्या योजनेतही आहे. वरच्या योजनांत फोनवरून मदत, शोधात ठळक दिसणे, जास्त दुवे लावता येणे असे लाभ वाढत जातात. एका पेजच्या तक्रारीसाठी वरची योजना घेण्यात अर्थ नाही, कारण निर्णय घेणारे आतले पथक योजना पाहून वेगळा निर्णय देत नाही. आणि इन्स्टाग्रामसाठी भरलेले पैसे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या क्रमांकासाठी चालत नाहीत. तिथली वर्गणी वेगळी.

639 रुपये म्हणजे हंगामाच्या सुरुवातीला एक डझन हापूससुद्धा येत नाही. रकमेचा विचार एवढाच. खरा खर्च वेळेचा आहे.

पहिली चॅट

वर्गणी मंजूर झाली की खात्याच्या सेटिंग्जमध्ये मेटा व्हेरिफाइडच्या पानावर मदतीचा पर्याय येतो. चॅट तिथूनच उघडते. माणूस काही मिनिटांत येतो. गर्दीच्या वेळी जास्त थांबावे लागते. चॅट इंग्रजीतून होईल असे धरून चालावे, आणि बसण्यापूर्वी मजकूर लिहून तयार ठेवावा. थोडा वेळ उत्तर दिले नाही की पलीकडचा माणूस चॅट बंद करतो आणि पुन्हा नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावे लागते. पत्ता शोधायला किंवा ओळखपत्राचा फोटो काढायला उठणे हे चॅट तुटण्याचे सर्वात साधे कारण आहे.

काकांनी पहिल्यांदा लिहिले ते साधारण असे: आमचे पेज हॅक झाले आहे, आमची फार मोठी हानी होत आहे, कृपया त्वरित मदत करा. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि एकही उपयोगाचे नाही. पलीकडच्या माणसाला तक्रार कोणत्या खान्यात टाकायची ते यातून कळत नाही. मग तो सर्वात जवळचा खाना निवडतो: प्रोफाइल हॅक झाले, पुनर्प्राप्तीचा दुवा पाठवा. दुवा आला, पुतण्याचे प्रोफाइल दोन दिवसांत परत मिळाले, आणि तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली. पेज मात्र अजून परक्याच्याच हातात.

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. पेज हल्लेखोराच्या ताब्यात दोन पातळ्यांवर असू शकते. पहिली पातळी माणसांची: कोणाच्या प्रोफाइलला पेजवर पूर्ण नियंत्रण आहे. दुसरी मालकीची: पेज कोणत्या बिझनेस पोर्टफोलिओचे म्हणून नोंदले आहे. पोर्टफोलिओ म्हणजे मेटाच्या व्यवस्थेत पेज, जाहिरात खाती, माणसे यांना एका व्यवसायाखाली बांधणारे खाते. काकांचे पेज कधीच कुठल्या पोर्टफोलिओत नव्हते, त्यामुळे ते बेवारस होते, आणि हल्लेखोराने पहिल्याच दिवशी ते आपल्या पोर्टफोलिओत ओढून घेतले. मग पुतण्याचे प्रोफाइल परत मिळून काय उपयोग? घराची एक किल्ली परत आली, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढला होता.

हे ओळखायची सोपी खूण आहे. आपला स्वतःचा पोर्टफोलिओ `business.facebook.com` वर तयार करून त्यात ते पेज जोडण्याचा प्रयत्न करायचा. पेज आधीच दुसऱ्या व्यवसायाच्या मालकीचे आहे असा संदेश आला की निदान झाले. त्या संदेशाचा स्क्रीनशॉट हा दुसऱ्या चॅटमधला मुख्य पुरावा.

दुसरी चॅट, आणि काय बदलले

दुसऱ्या वेळी लिहिलेला मजकूर लहान होता आणि त्यात भावना नव्हती. अर्थ मराठीत सांगायचा तर असा:

"पेजचा ओळख क्रमांक हा. 14 मार्चला माझे पूर्ण नियंत्रण काढले गेले. त्याच दिवशी आमच्या नसलेल्या एका पोर्टफोलिओने पेजवर मालकी घेतली. प्रोफाइल परत मिळाले आहे, त्याची तक्रार नाही. आधीच्या तक्रारीचा क्रमांक हा. विनंती दोन गोष्टींची: परक्या पोर्टफोलिओची मालकी काढावी आणि माझ्या प्रोफाइलला पूर्ण नियंत्रण परत द्यावे. ओळखपत्र, उद्यम प्रमाणपत्र, सायबर तक्रारीची पोच आणि स्क्रीनशॉट तयार आहेत."

'त्याची तक्रार नाही' हे वाक्य यात सर्वात मोलाचे. ते नसते तर पुन्हा तोच पुनर्प्राप्तीचा दुवा आला असता.

यानंतर चॅटवरचा माणूस स्वतः काही सोडवत नाही. त्याच्याकडे पेज परत देण्याचे बटण नाही. तो तक्रार पेजच्या मालकीचे वाद पाहणाऱ्या आतल्या पथकाकडे पाठवतो, तिचा क्रमांक देतो आणि सांगतो की पुढचे ईमेलवर होईल. पैसे भरून मिळते ते एवढेच: योग्य खिडकीपाशी नेऊन सोडणारा माणूस. हे आधी माहीत असले तर चॅट संपताना येणारी निराशा टळते, आणि त्या माणसाशी भांडण्यात वेळ जात नाही.

ईमेलवर सहसा सहीचे निवेदन मागितले जाते. त्यात काय हवे हे ठरलेले आहे: तुमचे पेजशी नाते आणि बदल मागण्याचा तुमचा अधिकार, दुसऱ्या कोणाचा प्रवेश काढायचा असेल तर त्या व्यक्तीशी तुमचा संबंध, काय घडले आणि पोलिसांत तक्रार केली आहे का, नेमकी कोणती कृती हवी, आणि दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास कायदेशीर जबाबदारी माझी, अशी स्पष्ट कबुली. सोबत सरकारी ओळखपत्र. लोक यात दोन ठिकाणी अडकतात. एक, निवेदनावर सही असते पण फोटो इतका पुसट की नाव वाचता येत नाही. दुसरे, निवेदन पुतण्याच्या नावाने आणि उद्यम प्रमाणपत्र काकांच्या नावाने. जो कागदोपत्री व्यवसायाचा मालक आहे, त्यानेच निवेदन द्यायचे. इथे काकांनी दिले, आणि पुतण्याचा उल्लेख पेज सांभाळणारा नातेवाईक असा केला.

मग वाट पाहायची. अशा तक्रारी एका-दोन दिवसांत मिटत नाहीत. आठवडा-दोन आठवडे धरून चालावे. मध्येच 'आम्ही पाहत आहोत' या अर्थाचे ठरीव उत्तर येते, एकदा तर तक्रार बंद झाल्याचाही ईमेल येऊ शकतो. बंद झाली की नवी चॅट उघडून पहिल्यापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा त्याच ईमेलला उत्तर द्यावे, त्यात आधी न दिलेली एखादी नवी गोष्ट जोडावी, आणि चॅट उघडलीच तर जुना क्रमांक पहिल्या ओळीत लिहावा. एकाच विषयाच्या चार तक्रारी चार जणांकडे गेल्या की प्रत्येकजण दुसऱ्याच्या तक्रारीकडे बोट दाखवून आपली बंद करतो. प्रत्येक चॅटचा स्क्रीनशॉटही ठेवावा. संवाद पुढे त्या खिडकीत सापडेलच असे नाही.

या नमुन्यात पेज एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत आले. जाहिरातीत उडालेली रक्कम मात्र त्याच तक्रारीत मिळाली नाही. तो विषय जाहिरात विभागाचा, त्यासाठी वेगळी तक्रार लागते, आणि परतावा मिळेलच असे चॅटवरचा कोणीही सांगू शकत नाही. सांगितले तरी ते धरून चालू नये.

कधी पैसे भरू नयेत

मजकूर नियमभंगाच्या कारणाने काढला गेला असेल तर वर्गणीने निर्णय बदलत नाही. फेरविचाराची विनंती फुकटात त्याच सूचनेतून करायची असते. खाते निलंबित झाले असेल तर अपिलासाठी 180 दिवस असतात, ते अपील आधी करावे. जाहिरात खात्यावर निर्बंध आले असतील तर `business.facebook.com/business-support-home` या पानावर कारण आणि फेरतपासणीचे बटण दोन्ही दिसतात. शिवाय जाहिरातींवर नियमित खर्च करणाऱ्यांना `facebook.com/business/help` वरून पुष्कळदा फुकटात चॅट मिळते. जाहिरातीपुरता प्रश्न असेल तर तिथला माणूस जास्त जाणकार असतो. वर्गणीच्या चॅटवर हाच प्रश्न विचारला तर ते बहुधा तिकडेच पाठवतात.

पोहोच कमी झाली, प्रतिस्पर्ध्याने वाईट अभिप्राय लिहिले, पेज हॅक करणारा कोण ते सांगा, असल्या प्रश्नांसाठी तर मुळीच नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फक्त पोलिसांना मिळते.

एका बाबतीत मात्र वर्गणी हंगामाआधी घ्यावी असे आमचे ठाम मत आहे. आंब्याच्या धंद्यात दरवर्षी नावाजलेल्या बागांच्या नावाची खोटी खाती निघतात, फोटो चोरतात आणि यूपीआयवर आगाऊ रक्कम घेऊन गायब होतात. वर्गणीदार खात्याची नक्कल होते आहे का यावर मेटाची नजर असते. ती पूर्ण भरवशाची नाही. पण आधीच तपासलेल्या व्यवसायाने नकलेची तक्रार केली की 'खरे खाते कोणते' हा प्रश्नच उरत नाही. फेब्रुवारी ते मे असे चार महिने पैसे भरून जूनमध्ये थांबवणे हा सरळ हिशेब आहे. त्या काळात खात्याचे नाव किंवा प्रोफाइलचा फोटो बदलू नये, कारण बदलला की तपासणी पुन्हा होऊ शकते.

तोतये मदतनीस

पेज गेल्याची पोस्ट टाकली की तासाभरात टिप्पण्यांत 'अमुक तज्ज्ञाने माझे खाते परत मिळवून दिले' असे लिहिणारे येतात. ते सगळे चोर समजावेत. खरी सशुल्क चॅट आपल्या सेटिंग्जमधून आपण उघडतो. मेटाचा माणूस मेसेंजरवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःहून येत नाही, आणि पासवर्ड किंवा लॉगिनचा कोड कधी मागत नाही. आलेला सुरक्षेचा ईमेल खरा की खोटा ते सेटिंग्जमधल्या पासवर्ड आणि सुरक्षा विभागात 'Recent emails' इथे तपासता येते. मेटाने पाठवलेल्या सुरक्षेच्या आणि लॉगिनच्या ईमेलची यादी तिथे असते. पुतण्याला कॉपीराइटचा तो निरोप मेसेंजरवर आला होता, तो खोटा समजायला तेवढीच खूण पुरेशी होती.

चॅटने काम झाले नाही तर

भारतात आणखी एक रस्ता आहे आणि तो फुकट आहे. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 प्रमाणे मेटाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि आलेल्या तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. त्या अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही तर 30 दिवसांच्या आत `gac.gov.in` वर तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. वकील लागत नाही. चॅटमधले तक्रार क्रमांक, निवेदन आणि स्क्रीनशॉट इथे तसेच्या तसे जोडता येतात. चॅटवर दोन आठवडे हालचाल नसेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करून टाकावी. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू ठेवायला हरकत नाही.

पेज परत आल्या दिवशीच काकांनी ते स्वतःच्या पोर्टफोलिओत घेतले, पूर्ण नियंत्रण स्वतःकडे आणि घरातल्या आणखी एका व्यक्तीकडे ठेवले, पुतण्याला फक्त पोस्ट आणि निरोपांपुरता प्रवेश दिला, आणि सर्वांना दुहेरी पडताळणी सक्तीची केली. वर्गणी मेअखेर बंद करायची ठरली. आयफोनवरून घेतलेली असेल तर ती अ‍ॅपलच्या वर्गणीच्या यादीतून बंद करावी लागते, तीही पुढच्या हप्त्याच्या निदान 24 तास आधी, नाहीतर आणखी एक महिना कापला जातो. बंद केल्यावरही भरलेल्या महिन्याची मुदत संपेपर्यंत चॅट उघडी राहते, म्हणून जाहिरातीच्या रकमेची तक्रार प्रलंबित असेल तर तिची चौकशी त्या दिवसांतच करून घ्यावी.